आभार षष्ठीत, काम तृतीयेत

नागपुरातल्या कुठल्याही सभागृहात हा अनुभव येतो. सूत्रसंचालिका 'आता आभार प्रदर्शनासाठी...' एवढं म्हणते आणि खुर्च्या वाजायला लागतात. कोणी शाल गोळा करतं, कोणी गाडीची किल्ली चाचपतं, मागच्या दारातून आलुबोंड्याचा वास आत येतो. तेवढ्यात माइकपाशी आलेला माणूस खिशातून चार घड्या घातलेला कागद काढतो आणि सुरू होतो : अमुक यांचे, तमुक यांचे, तसेच यांचे, त्याचप्रमाणे यांचेही. श्रोते दोन प्रकारचे उरतात. ज्यांचं नाव अजून यायचं आहे ते, आणि ज्यांचं येऊन गेलं म्हणून निघालेले.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची चिटणीस म्हणून मी हे काम बरीच वर्षं करते आहे, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं मी ते असंच केलं. एका वर्षी माझ्या कागदावर त्रेचाळीस नावं होती. आधी 'आदरणीय', मागे 'साहेब' किंवा 'ताई', मध्ये संस्थेचं नाव. एका नावाला चार सेकंद धरले तरी तीन मिनिटं नुसती नावंच झाली. त्या त्रेचाळिसांत चव्वेचाळिसावं राहून गेलं. दर कार्यक्रमाला पहाटे येऊन सतरंज्या अंथरणारे, रात्री त्या झटकून घडी करणारे एक काका आहेत, त्यांचं. ते मागच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभे होते. मला काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी आले, सतरंज्या अंथरल्या आणि आभाराला मी उभी राहायच्या आधी घरी निघून गेले. सतरंज्या दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन उचलल्या.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे आणि ते अनेकांना पटत नाही. आभाराच्या भाषणात यादी वाचू नये. यादी कंटाळवाणी असते हे खरं, पण माझी हरकत वेगळी आहे. यादी पूर्ण असल्याचा दावा करते. त्रेचाळीस नावं घेतली की चव्वेचाळिसाव्याचा अपमान होतो, कारण त्याला वगळल्याचं सगळ्यांना ऐकू येतं. 'नजरचुकीने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व' हे वाक्य त्या अपमानावर पांघरूण घालत नाही. ते फक्त सांगतं, की राहील याची मला आधीच कल्पना होती. त्याउलट काम कसं झालं ही हकिकत सांगितली, तर हकिकतीत सगळं जग येत नसतं हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. तिथे नाव न येणं म्हणजे गाळलं जाणं नव्हे.

यादी यादीसारखी का ऐकू येते, याचं कारण नावांच्या संख्येत कमी आणि व्याकरणात जास्त आहे. मी मराठी शिकवत असे, त्यामुळे हे माझ्या कानाला खटकलं असेल. मराठीत आभार नेहमी कुणाचे तरी असतात. 'पाहुण्यांचे आभार', 'देणगीदारांचे आभार'. ही षष्ठी. षष्ठीत माणूस काही करत नाही, तो नुसता आभाराला चिकटलेला असतो. आणि एकच 'आभार' शेवटी ठेवून त्याच्या आधी हवी तेवढी माणसं 'यांचे, यांचे' करत ओवता येतात. वाक्य मोडत नाही, म्हणून आपण थांबत नाही. पण तोच माणूस तृतीयेत आणा. 'यांनी' म्हटलं की पुढे काहीतरी सांगावंच लागतं. यांनी काय केलं? क्रियापद शोधावं लागतं, ते सापडलं की कधी, कुठे, कसं हे आपोआप येतं. आणि ज्याच्यासाठी क्रियापद सापडत नाही, त्याचं नाव आपण नेमकं कशासाठी घेतो आहोत, हेही कळतं.

कागदावर मी आता एवढंच बघते. 'यांचे' किती आणि 'यांनी' किती. 'आभार' हा शब्द तीनदापेक्षा जास्त आला असेल तर भाषण परत लिहिते.

एक उदाहरण पूर्ण सांगते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते नागपूरकर विसरलेले नाहीत. आमच्या वाचनालयातही कमरेला थोडं कमी इतकं पाणी होतं. खालच्या दोन कप्प्यांमधली सुमारे नऊशे पुस्तकं भिजली. वस्तीतल्या पोरांनी त्यातली सहाशेच्या वर वाचवली, आणि जानेवारीत आम्ही वाचनालय पुन्हा उघडण्याचा छोटा कार्यक्रम केला. प्रमुख पाहुणे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता होते. नवी लोखंडी कपाटं एका व्यापाऱ्यांनी दिली होती, सभागृहाचं भाडं आणि चहा-नाश्ता आणखी दोघांनी. समितीत आम्ही नऊ जण, पोरं-पोरी मिळून सतरा. म्हणजे पाहुणे, आयोजक, प्रायोजक, स्वयंसेवक हा नेहमीचा चौकोन जसाच्या तसा हजर होता.

नेहमीच्या रीतीने हा चौकोन वरून खाली उतरतो. आधी पाहुणे, मग अध्यक्ष, मग देणगीदार, मग समिती, आणि सगळ्यात शेवटी, लोक उठून उभे राहिलेले असताना, 'आणि आमचे स्वयंसेवक'. मी त्या वेळी मानाची उतरंड सोडली आणि पुस्तक धरलं. भिजलेलं पुस्तक कपाटात परत कसं गेलं, हा एकच धागा. जो ज्या ठिकाणी त्या पुस्तकाला हात लावतो, तो त्या ठिकाणी भाषणात येतो. सुरुवात अशी केली :

'त्या दिवशी सकाळी वाचनालयाचं कुलूप उघडलं, तर दार उघडेना. आतून पुस्तकांनीच ते दाबून धरलं होतं. चार पोरांनी खांदा लावून ते ढकललं. त्यातल्या दोघी आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. ओल्या पुस्तकाला दोन दिवसांत बुरशी धरते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी झोपायचं ठरवलंच नाही. शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात पंखे लावले. कमी भिजलेली पुस्तकं पानं पसरून उभी केली. जी चिंब होती त्यांच्या दर वीसेक पानांमागे वर्तमानपत्राचा कागद घातला आणि दर चार तासांनी तो बदलला. उन्हात एकही पुस्तक ठेवलं नाही, कारण उन्हात पान वाकडं होतं. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं मात्र विटेसारखी चिकटली, ती गेली.'

इथे मी सतरापैकी एकाचंही नाव घेतलेलं नाही, आणि तरी त्या सतरा जणांना त्या दिवशी जेवढं मिळालं तेवढं नावांच्या यादीने मिळालं नसतं असं मला वाटतं. कारण वर्तमानपत्र बदलण्याचं काम फक्त त्यांनाच माहीत होतं. ते सगळ्या सभागृहाला कळलं. 'अहोरात्र परिश्रम घेतले' हे वाक्य गणपती मंडळालाही लागू पडतं आणि लग्नालाही. पंखा, व्हरांडा आणि वीस पानं फक्त त्यांचीच.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र आधी करावी लागली. ज्यांच्याविषयी बोलायचं ते स्वयंसेवक आभाराच्या वेळी सभागृहात नसतातच. ते मागे प्लेटा मांडत असतात. मी बोलावलं तर एक जण म्हणालासुद्धा, 'ताई, आम्ही प्लेटा लावून राहिलो ना, थंडं होऊन जाईल सगळं.' होऊ दे म्हटलं. पाच मिनिटं चहाचं झाकण बंद ठेवलं. आपल्याकडे कित्येक कार्यक्रमांत स्वयंसेवकांचे आभार रिकाम्या कोपऱ्याकडे हात करून मानले जातात, त्याचं कारण एवढंच असतं.

त्यानंतर कपाटं. देणगीदारांचा भाग सगळ्यात अवघड, कारण तिथे वचन दिलेलं असतं. काहींना पत्रात लिहून दिलेलं असतं की मंचावरून नाव घेऊ, आणि ते पाळायलाच हवं. पण ते आभाराच्या भाषणातच पाळायचं असं कुठे लिहिलं आहे? आम्ही नावं सुरुवातीला, लोक ताजे असताना, सूत्रसंचालिकेकडून घेववली. फलकावरही लिहिली, आणि त्यांच्या दुकानाच्या पाटीवर नाव जसं आहे तसंच, आदल्या दिवशी विचारून. एवढं झालं की आभारात देणगीदाराचं नाव जाहिरातीसारखं घ्यावं लागत नाही. तिथे फक्त सांगायचं, त्यांच्या पैशाचं काय झालं. मी म्हणाले, 'वाळलेली पुस्तकं ठेवायची कुठे, तर जुनी लाकडी कपाटं फुगून गेलेली. नवी कपाटं ज्यांनी दिली ते आमच्याकडे येऊन स्वतः मापं घेऊन गेले. त्यांनी एकच अट घातली. खालचा कप्पा जमिनीपासून दोन फूट वर. तिथे तुम्हाला पुस्तकं कमी मावतील, पण झोप लागेल.' मग त्यांचं नाव घेतलं. आकडा सांगितला नाही. आकडा सांगितला की चहा देणाऱ्याचा आकडा लहान दिसतो, आणि तो पुढच्या वर्षी चहा देत नाही.

मोठ्या देणगीदाराचं नाव आधी आणि लहानाचं नंतर, हा तंटाही धाग्यामुळे मिटतो. कपाटं हकिकतीत चहाच्या आधी येतात, कारण ती आधी आली. कुणी विचारलं तर हे उत्तर देता येतं. 'तुमची रक्कम कमी होती' हे देता येत नाही.

समितीविषयी मी फार बोलत नाही. आभार मानणारी व्यक्ती समितीतलीच असते, तिने समितीचे आभार मानणं म्हणजे एका खिशातलं दुसऱ्या खिशात. 'आपल्याच माणसांचे आभार मानून त्यांना परकं करणार नाही' हे वाक्य म्हणूनच जन्माला आलं असावं. पण ते म्हणून झाल्यावर आपण त्यांची नावं वाचतोच, त्यामुळे ना आपलेपणा राहतो ना आभार. मी समितीला एका वाक्यात बसवलं. शाळेचा व्हरांडा मिळवण्यासाठी आमच्या दोन सदस्यांनी रविवारी मुख्याध्यापकांचं घर गाठलं होतं. तेवढंच सांगितलं, आणि वाक्याचा जोर मुख्याध्यापकांकडे नेला, कारण दार त्यांनी उघडून दिलं होतं.

आता पाहुणे. तुम्ही म्हणाल, मुख्य माणूस इतक्या उशिरा? त्यांना मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, आणि त्यांचा भाग घरून लिहून नेलाच नाही. कागदावर चार ओळींची जागा कोरी सोडली. पाहुण्यांचे आभार मानण्यात आपण सगळ्यात जास्त खोटं बोलतो, कारण ते भाषण करायच्या आधीच आपण त्यांच्या 'ओघवत्या आणि मार्गदर्शक' भाषणाबद्दल लिहून बसलेलो असतो. त्यापेक्षा पेन हातात घेऊन ऐकावं. भाषणातली एक गोष्ट उचलावी, आणि ती उचलताना सुंदर वाक्य शोधू नये. जिच्यामुळे आपल्याला उद्या काहीतरी वेगळं करावं लागेल, ती गोष्ट शोधावी.

आमच्या पाहुण्यांनी नदी, सांडवा, पाणलोट हे सगळं नकाशा दाखवून समजावलं, आणि मध्येच थांबून म्हणाले, 'तलावाला जरूर नावं ठेवा. पण येताना मी बघितलं, तुमच्या वाचनालयाची पायरी रस्त्यापेक्षा एक वीत खाली आहे.' सभागृह हसलं. आम्ही समितीवाले हसलो नाही. रस्ता दरवेळी नवा होताना उंच होत गेला आणि पायरी तिथेच राहिली, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्या कोऱ्या चार ओळींत मग हे गेलं : 'सरांनी आम्हाला दीड तासात नाग नदी दाखवली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोतच. पण त्यांनी आमची पायरी दाखवली, तिच्याबद्दल जास्त. पावसाळ्याच्या आधी ती वर घेऊ, आणि सरांना फोटो पाठवू.' पाहुण्यांनी तिथल्या तिथे वही काढून काहीतरी लिहून घेतलं. नंतर कळलं, उंबऱ्याला किती चढ द्यायचा ते माप होतं.

त्यात गौरव कमी झाला असं कुणी म्हटलं नाही. पाहुण्याला सगळ्यात जास्त हवं असतं ते एवढंच, की आपलं बोलणं कुणाच्या तरी कानात शिरलं. पदव्या आणि पदं त्यांच्या परिचयात येऊन गेलेली असतात. आभारात ती पुन्हा वाचणं म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा सभागृहात आणणं.

सगळं मिळून भाषण साडेतीन मिनिटांचं झालं. पूर्वीची यादी पाच-साडेपाच मिनिटं चालत असे.

यावर माझ्या मैत्रिणीच, ज्या इतर मंडळांच्या चिटणीस आहेत, तीन आक्षेप घेतात. पहिला असा, की नावं घेतली नाहीत तर माणसं दुखावतात, हे तुला ठाऊक नाही का? ठाऊक आहे. म्हणून नावं मी टाकून देत नाही, जागा बदलते. सगळ्यांची नावं वाचनालयाच्या फलकावर आठवडाभर असतात, आणि प्रत्येक नावासमोर काम लिहिलेलं असतं. 'सतरंज्या', 'पंखे आणले', 'वर्तमानपत्र, रात्रपाळी'. कागदाला विसरभोळेपणा परवडतो, कारण राहिलेलं नाव दुसऱ्या दिवशी पेनाने वाढवता येतं. माइकवरून निसटलेलं नाव परत आणता येत नाही. सतरंजीवाल्या काकांचं नाव त्या फलकावर सगळ्यात वर होतं. ते योगायोगाने नव्हतं, हे मी इथे कबूल करते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. हकिकत सांगण्यात आवडनिवड होते. जो गोष्टीत शोभतो तो येतो, आणि ज्याने शांतपणे हिशेब ठेवला तो राहतो. खरं आहे. पंखा लावणारी पोर दिसते, पावत्या फाडणारे आजोबा दिसत नाहीत. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच करते, की धागा दरवर्षी बदलते. एका वर्षी पुस्तक, एका वर्षी पावतीपुस्तक. पावतीपुस्तकाच्या वर्षी आजोबाच नायक होते, आणि देणगीदार त्यांच्या अक्षरातून एकेक करून भेटले.

तिसरा आक्षेप मोठ्या कार्यक्रमांचा. मंचावर मंत्री, कुलगुरू, महापौर असतील तर मानाचा क्रम मोडता येत नाही, हे मान्य. तिथे तो क्रम संबोधनातच एकदा, एका दमात संपवावा आणि मग हकिकतीला लागावं. दुसरी अडचण नागपूरला खास ठाऊक असलेली आहे. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरतं, तेव्हा पाहुणे भरपूर मिळतात आणि भाषण संपताच पुढच्या कार्यक्रमाला जातातही. रिकाम्या खुर्चीकडे बघून 'वेळात वेळ काढून आपण आलात' म्हणणं फार केविलवाणं दिसतं. असा पाहुणा असेल तर त्याच्या भाषणानंतर लगेच, तो उभा असतानाच, दोन वाक्यांत त्याचा भाग उरकावा. शेवटच्या आभारात त्याला पुन्हा बोलावू नये. आणि भाषण अगदीच यथातथा झालं असेल, तर त्यातला एखादा तपशील उचलावा आणि विशेषणं घरी ठेवावीत. एक तपशील तर कुठल्याही भाषणात सापडतोच.

मी मात्र पुस्तकाच्या कार्यक्रमाने थोडी फुशारले होते. लोक बसून राहिले, चहा गार झाला तरी कुणी कुरकुरलं नाही. खाली उतरले तर मागच्या रांगेतली एक पोरगी वाट बघत उभी. मला वाटलं, नाव घेतलं नाही म्हणून रुसली असेल.

'ताई,' ती म्हणाली, 'तुम्ही चार तास म्हणाल्या. कागद आम्ही दर तीन तासांनी बदलत होतो. फलकावर तरी नीट लिहा.'